जाळी ताणली आणि निळा बाण वळला: एका मॅट्रिक्सच्या आकृतीचं प्रकरण

आकृती साधी होती. डावीकडे सरळ चौकोनी जाळी, उजवीकडे मॅट्रिक्स लावल्यानंतरची तिरकी, ताणलेली जाळी. डावीकडे आरंभबिंदूभोवती एक वर्तुळ, उजवीकडे त्याचंच झालेलं लंबवर्तुळ. दोन्हीकडे एकेक निळा बाण, आणि त्याखाली मी लिहिलं होतं: ‘ही दिशा वळत नाही, फक्त ताणली जाते. हा आयगेनव्हेक्टर.’

तास संपल्यावर एक विद्यार्थिनी वही घेऊन आली. तिने डावीकडचा बाण ट्रेसिंग पेपरवर गिरवला होता आणि तो कागद उजवीकडच्या आकृतीवर आरंभबिंदू जुळवून ठेवला होता. “मॅडम, तुमचा निळा बाण वळलाय,” ती म्हणाली. कोनमापक लावला. डावीकडे बाण आडव्या अक्षाशी जवळजवळ ६० अंशांवर होता, उजवीकडे ४८-४९ अंशांवर. अकरा अंशांचा फरक हा हात हलल्यामुळे पडत नाही. न वळणारी म्हणून दाखवलेली दिशा वळली होती, म्हणजे माझी आकृती चूक होती.

ही चूक कशी झाली आणि ती इतका वेळ लपून कशी राहिली, हे उलगडताना डिटर्मिनंट आणि आयगेनव्हेक्टर या दोन्ही गोष्टी जाळीवर नेमक्या कुठे दिसतात ते स्पष्ट होत गेलं. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहिते आहे.

मॅट्रिक्स हा होता:

```
A = | 2  2 |
    | 1  3 |
```

तो चित्रात वाचायचा तर स्तंभांकडे बघायचं. पहिला स्तंभ सांगतो की आडवा एकक बाण (१, ०) कुठे जातो: (२, १) वर. दुसरा स्तंभ सांगतो की उभा एकक बाण (०, १) कुठे जातो: (२, ३) वर. एवढ्यावर सगळी जाळी ठरते. सरळ रेषा सरळच राहतात, समांतर रेषा समांतर राहतात, आरंभबिंदू हलत नाही, आणि जाळीच्या प्रत्येक चौकोनाचा एकाच आकाराचा, एकाच मापाचा समांतरभुज चौकोन होतो.

आता तो एकच चौकोन जवळून पाहू. त्याचे कोपरे (०, ०), (२, १), (४, ४) आणि (२, ३). त्याचं क्षेत्रफळ काढायला सूत्र लागत नाही, आलेखाचा कागद पुरतो. त्याच्याभोवती ४ बाय ४ चा चौरस काढा, क्षेत्रफळ १६. या चौरसात समांतरभुज चौकोनाबाहेर जे उरतं त्याचे तुकडे पाडा. २ आणि १ बाजूंचे दोन काटकोन त्रिकोण, मिळून २. २ आणि ३ बाजूंचे दोन काटकोन त्रिकोण, मिळून ६. आणि दोन कोपऱ्यांत २ बाय १ चे दोन आयत, मिळून ४. सोळातून बारा गेले, उरले ४. हाच डिटर्मिनंट. शाळेत ‘निश्चयक’ म्हणून `ad - bc` पाठ केलेला असतो. इथे तो २ × ३ − २ × १, म्हणजे ४. सूत्रातलं ते `bc` कुठून येतं हे मला स्वतःला हे कोपऱ्यातले आयत मोजेपर्यंत कधी दिसलं नव्हतं. संख्यांऐवजी a, b, c, d ठेवून हेच तुकडे पाडले की `ad - bc` आपोआप उरतं.

मूळ चौकोनाचं क्षेत्रफळ १ होतं, आता ४ झालं. प्रत्येक चौकोन असाच चौपट झाल्यामुळे जाळीवर काढलेली कुठलीही आकृती चौपट होते. वर्तुळाचं लंबवर्तुळ झालं तरी त्याचं क्षेत्रफळ वर्तुळाच्या बरोबर चौपट.

क्षेत्रफळाचा पडताळा घ्यायची आणखी एक पद्धत मी वर्गात आवर्जून दाखवते, कारण ती नकळत पुढच्या गोष्टीकडे नेते. जॉर्ज पिक या गणितज्ञाचं १८९९ मधलं सूत्र आहे: कोपरे जाळीच्या बिंदूंवर असलेल्या बहुभुजाचं क्षेत्रफळ म्हणजे आतले बिंदू, अधिक कडेवरच्या बिंदूंचे निम्मे, वजा १. आपल्या चौकोनाच्या कडेवर फक्त चार कोपरे आहेत, आणि आत तीन बिंदू आहेत. ३ + २ − १ = ४. जुळलं. पण ते आतले तीन बिंदू कोणते ते बघा: (१, १), (२, २), (३, ३). तिन्ही एका रेषेत, थेट कर्णावर. मूळ चौकोनाचा कर्ण (१, १) पर्यंत जात होता. तो आता (४, ४) पर्यंत जातो. बाजू दोन्ही वळल्या, कर्ण मात्र होता त्याच रेषेवर राहिला आणि चौपट लांब झाला.

म्हणजे खरा आयगेनव्हेक्टर माझ्याच आकृतीत पहिल्याच चौकोनाच्या कर्णावर बसला होता, ४५ अंशांवर. आणि मी निळा बाण ६० अंशांवर काढला होता.

मी तो तिथे का काढला? त्याच्या आधीच्या तासाला मी दुसरा मॅट्रिक्स घेतला होता:

```
S = | 2  1 |
    | 1  2 |
```

हा सममित आहे, कर्णाच्या दोन्ही बाजूंना तीच संख्या. त्याच्या आकृतीत वर्तुळाचं लंबवर्तुळ होतं आणि त्याचा मोठा अक्ष नेमका ४५ अंशांवर येतो, छोटा अक्ष त्याला काटकोनात. हे दोन्ही अक्ष त्याचे आयगेनव्हेक्टरच आहेत: एकावर तिप्पट ताण, दुसऱ्यावर काहीच नाही. तिथे ‘सर्वांत जास्त ताणली जाणारी दिशा’ आणि ‘न वळणारी दिशा’ एकच असते. मी प्रोग्राममध्ये सर्वांत जास्त ताणाची दिशा शोधून तिथे बाण काढला होता, आकृती बरोबर आली होती. पुढच्या तासाला फक्त मॅट्रिक्स बदलला आणि बाकी प्रोग्राम तसाच ठेवला.

सममित मॅट्रिक्ससाठी चालणारी ही गोष्ट इतरांसाठी चालत नाही. आपल्या A साठी वर्तुळावरचा जो बाण सर्वांत लांब होतो तो सुमारे ५९.९ अंशांवर आहे. तो ४.१३ पट होतो, पण जातो ४८.६ अंशांवर. लंबवर्तुळाचा मोठा अक्ष हाच. खरा आयगेनव्हेक्टर ४५ अंशांवर आहे आणि तो ४ पट होतो. उजवीकडची एकटी आकृती पाहिली तर ४८.६ आणि ४५ यांतला फरक डोळ्यांना फारसा कळत नाही, आणि ४.१३ हा आकडा ४ च्या इतका जवळ आहे की ‘आकडेमोडीतली किरकोळ चूक असेल’ असं वाटावं. लंबवर्तुळाचे अर्धे अक्ष ४.१३ आणि ०.९७, त्यांचा गुणाकार ४. आयगेनव्हेक्टर जितक्या पट होतो ती त्याची आयगेन-संख्या. इथे त्या ४ आणि, पुढे दिसेल तशी, १, त्यांचाही गुणाकार ४. दोन्ही गुणाकार डिटर्मिनंटशी जुळतात, त्यामुळे क्षेत्रफळाच्या पडताळ्यातून माझी चूक सापडणं शक्यच नव्हतं. ती सापडते फक्त डावी आणि उजवी आकृती एकमेकींवर ठेवल्यावर, म्हणजे त्या मुलीने केलं तसं.

ट्रेसिंग पेपरची ती युक्ती मी आता तपासणी म्हणून वर्गातच वापरते, पण एका बाणावर न थांबता सगळ्या दिशांवर. आरंभबिंदूतून एक बाण घ्या, तो हळूहळू फिरवत न्या आणि प्रत्येक ठिकाणी विचारा: मॅट्रिक्स लावल्यावर हा किती आणि कुठल्या बाजूला वळला? ० अंशांवरचा बाण (२, १) कडे जातो, म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या उलट २६.६ अंश. ९० अंशांवरचा बाण (२, ३) कडे जातो, म्हणजे काट्यांच्या दिशेने ३३.७ अंश. एका टोकाला वळण एका बाजूला, दुसऱ्या टोकाला विरुद्ध बाजूला, आणि मधे कुठेही वळण अचानक उडी मारत नाही. मग मधे कुठेतरी ते शून्य व्हायलाच हवं. होतं, ४५ अंशांवर. आणखी पुढे चला. १३५ अंशांवरचा बाण, (−१, १), थेट (०, २) वर जातो: काट्यांच्या दिशेने पुरे ४५ अंश. पण १८० अंशांवर तो पुन्हा उलट्या बाजूला २६.६ अंश वळतो. म्हणजे १३५ आणि १८० च्या मधे आणखी एक न वळणारी दिशा आहे. ती (−२, १) ची. गुणून पाहा: आडवा घटक २ × (−२) + २ × १ = −२, उभा घटक १ × (−२) + ३ × १ = १. बाण वळला नाही, लांबलाही नाही, जागच्या जागी राहिला. त्याची आयगेन-संख्या १.

या दुसऱ्या दिशेकडे लक्ष जात नाही, कारण तिथे डोळ्यांना काही घडलेलं दिसत नाही. पण या आकृतीत मला तीच जास्त बोलकी वाटते. सगळी जाळी तिरकी होत असताना आरंभबिंदूतून जाणाऱ्या या एका रेषेवरचा प्रत्येक बिंदू स्थिर असतो. शिवाय ही रेषा आणि (१, १) ची रेषा यांच्यातला कोन आहे सुमारे ७१.६ अंश, काटकोन नाही. लंबवर्तुळाचे अक्ष मात्र नेहमी काटकोनातच असतात. एवढी एक गोष्ट आधी लक्षात घेतली असती तर लंबवर्तुळाचे अक्ष हे आयगेनव्हेक्टर असूच शकत नाहीत हे मला आकृती काढण्यापूर्वीच कळलं असतं.

या दोन संख्या, ४ आणि १, बाण न फिरवताही मिळतात, आणि तिथे डिटर्मिनंट पुन्हा भेटतो. कर्णावरच्या दोन्ही संख्यांमधून सारखीच k वजा करत जा आणि दर वेळी जाळी पुन्हा काढा. चौकोनाचं क्षेत्रफळ `(2-k)(3-k) - 2` होतं. k शून्य असताना ते ४. k हळूहळू वाढवला की चौकोन चपटा होत जातो आणि k = १ ला जाळी कोसळते: दोन्ही स्तंभ (१, १) आणि (२, २) होतात, एकाच रेषेवर. सगळं प्रतल त्या रेषेवर चेपलं जातं, क्षेत्रफळ शून्य. k = २ ला जाळी पुन्हा उघडते, पण उलटी होऊन: डिटर्मिनंट −२, म्हणजे कागद पालथा केल्यासारखा. k = ३ लाही −२. k = ४ ला पुन्हा कोसळते, या वेळी स्तंभ (−२, १) आणि (२, −१), दुसऱ्या रेषेवर. जाळी कोसळली याचा अर्थ कुठला तरी शून्य नसलेला बाण आरंभबिंदूवर चेपला गेला. आणि k वजा केल्यावर जो बाण शून्य होतो, तो मूळ मॅट्रिक्सखाली स्वतःच्या बरोबर k पट झालेला असतो. पुस्तकात `det(A - kI) = 0` अशी एका ओळीत येणारी अट ती हीच. वर्गात मी ही सहा चित्रं, k = ० पासून ५ पर्यंतची, एका ओळीत लावते. दोन वेळा जाळीची रेषा झालेली दिसली की समीकरण सोडवण्याआधीच विद्यार्थी उत्तर सांगतात.

यानंतर आकृती नव्याने काढली, आणि मुख्य बदल बाणात नव्हे, जाळीतच केला. जुन्या आकृतीची खरी अडचण अशी होती की जाळीच्या रेषा आडव्या-उभ्या होत्या आणि त्या दोन्ही दिशा या मॅट्रिक्सखाली वळतात. पाहणाऱ्याला सगळंच फिरताना दिसतं, न फिरणारं काय ते शोधावं लागतं. म्हणून नवी जाळी (१, १) आणि (२, −१) या दोन दिशांनी आखली. तिचे खण चौरस नाहीत, तिरके समांतरभुज चौकोन आहेत, प्रत्येकाचं क्षेत्रफळ ३. मॅट्रिक्स लावला की या जाळीच्या रेषांची एकही दिशा बदलत नाही. खण एका दिशेने चौपट लांबतात, दुसऱ्या दिशेने आहेत तसे राहतात. क्षेत्रफळ १२ होतं. तीनाचे बारा, म्हणजे पुन्हा ४ पट, आणि डिटर्मिनंट हा आयगेन-संख्यांचा गुणाकार का, हे एका खणात समोर दिसतं.

याच जाळीवर (१, ०) का वळतो तेही कळतं. हा बाण म्हणजे (१, १) चा एक तृतीयांश अधिक (२, −१) चा एक तृतीयांश. पहिला भाग चौपट होतो, दुसरा तसाच राहतो, आणि बेरीज (२, १) येते. बाण (१, १) च्या रेषेकडे ओढला गेला, कारण त्याचा त्या दिशेचा हिस्सा वाढला. हाच मॅट्रिक्स पुन्हापुन्हा लावा: (२, १), मग (६, ५), मग (२२, २१). कोन २६.६, ३९.८, ४३.७. प्रत्येक वेळी ४५ च्या जवळ. माझ्या जुन्या निळ्या बाणाला हीच परीक्षा दिली तर तो ६० वरून ४८.६ वर येतो आणि पुढे ४५ कडे सरकत राहतो. तो स्थिर नव्हताच, वाटेवर होता.

प्रोग्राममधला फरक एका ओळीचा होता. मी सर्वांत जास्त ताणाची दिशा देणारं `svd` वापरलं होतं, हवं होतं न वळणाऱ्या दिशा देणारं `eig`:

```python
import numpy as np
A = np.array([[2, 2], [1, 3]])
w, V = np.linalg.eig(A)
U, s, Vt = np.linalg.svd(A)
print(w)   # 4 आणि 1, क्रम ठरलेला नाही
print(V)   # आयगेनव्हेक्टर स्तंभांत आहेत
print(s)   # साधारण 4.13 आणि 0.97
```

इथे आणखी दोन ठिकाणी पाय घसरतो. `V` मधले आयगेनव्हेक्टर स्तंभांत असतात. ओळी वाचल्या तर चुकीचे बाण मिळतात. दुसरी चूक जास्त फसवी आहे. जाळीचे बिंदू ओळींत साठवून `P @ A` लिहिलं, तर प्रत्यक्षात A ऐवजी त्याचा परिवर्त, म्हणजे ओळी-स्तंभ अदलाबदल केलेला मॅट्रिक्स लागतो. त्याचा डिटर्मिनंटही ४, आयगेन-संख्याही ४ आणि १, पण दिशा (१, २) आणि (१, −१), म्हणजे संपूर्ण वेगळी आकृती. `P @ A.T` लिहायचं आणि एकच बिंदू तपासायचा: (१, ०) चा (२, १) झाला तर बरोबर, (२, २) झाला तर जाळी चुकलेली आहे.

नवी आकृती स्क्रीनवर दाखवताना ती आडवी ताणली गेली, आडव्या अक्षावरचं एक एकक उभ्याच्या दुप्पट दिसू लागलं. मी ती दुरुस्त करणार होते, पण आधी तशीच ठेवून मोजून पाहिली. ४ ची दिशा आता ४५ अंशांवर दिसत नव्हती, पण त्या रेषेवरचा बाण त्याच रेषेवर राहत होता आणि ४ पटच होत होता. क्षेत्रफळही ४ पटच. सर्वांत जास्त ताण मात्र स्क्रीनवर मोजला तर ४.१३ चा ५.३६ झाला आणि त्याची दिशाही दुसरीच झाली. लांबी कशी मोजता यावर तो अवलंबून आहे. न वळणारी रेषा आणि क्षेत्रफळाचं गुणोत्तर यांना त्याच्याशी काही देणंघेणं नाही. लंबवर्तुळाचा अक्ष आणि आयगेनव्हेक्टर या वेगळ्या जातीच्या गोष्टी आहेत हे मला कुठल्याही सिद्धतेपेक्षा त्या ताणलेल्या स्क्रीनवर जास्त पटलं.

त्या विद्यार्थिनीचा पुढचा प्रश्न होता, की बाण फिरवत गेलं आणि वळण कधीच बाजू बदललं नाही तर? तिनेच मॅट्रिक्स काढून आणला होता:

```
R = | 1  -1 |
    | 1   1 |
```

याची जाळी पाहिली तर प्रत्येक चौकोन चौरसच राहतो, ४५ अंशांत फिरतो आणि त्याची बाजू १.४१ पट होते. डिटर्मिनंट २. कुठलाही बाण घ्या, तो त्याच बाजूला ४५ अंशच वळतो. शून्य यायला जागाच नाही. आम्ही k वजा करण्याची चित्रंही काढली. क्षेत्रफळ `(1-k)(1-k) + 1` होतं, k = १ ला ते कमीत कमी, म्हणजे १ होतं, आणि तिथून पुन्हा वाढायला लागतं. जाळी आकसली, पण कोसळली नाही. कागदावर काढता येईल अशी न वळणारी रेषा या मॅट्रिक्सला नाही.

तिने ती चित्रं वहीत चिकटवली आणि निळा बाण कुठेच काढला नाही.